उण्या चिन्हात गेलेली माती

पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या शाळेतून बाहेर पडलो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि माझ्यासारखं गणित मुंबई इलाख्यात फार थोड्यांना येत असेल असं मला मनापासून वाटत होतं. अकोल्याहून बडनेऱ्याकडे रेल्वेची सडक बांधायचं काम चाललं होतं. तिथे मोजणीदार म्हणून माझी नेमणूक झाली. दिवस कापसाच्या तेजीचे होते. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत जायची. ज्याला हात होते त्याला कापसात काम होतं. सडकेवर माती उचलायला माणूस मिळणं मुश्कील झालं होतं.

माझ्या टप्प्यावरच्या टोळीचा मुकादम अकोल्याचा एक मुसलमान गृहस्थ होता. वय पन्नाशीच्या आसपास, दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज बारीक. त्याचे वडील विहिरी खोदायचे, तोही विहिरी खोदतच मोठा झाला होता. मातीचं ढेकूळ बोटांत चुरून तो सांगायचा, किती खोल गेल्यावर मुरूम लागेल. मला तो ‘पंत’ म्हणायचा. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, आमचा तळ अजून अकोल्याजवळ असताना, तापाने पडलो, तेव्हा त्याची बायको रोज भाताची पेज करून तंबूपर्यंत पाठवत होती. मी ब्राह्मण, ती घ्यावी की नाही या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी ती प्यालो. ही गोष्ट मी घरी कधी लिहून कळवली नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे पाचशे वारांचा एक तुकडा होता. त्यात आधी एक टेकाड आणि पुढे लांबलचक खोलगट भाग. सडक सपाट जायला हवी, म्हणून टेकाड कापायचं आणि खोलगट भरायचा. एकूण किती माती हलवावी लागेल याचा हिशेब आमच्या टप्प्यावरच्या गोऱ्या इंजिनिअर साहेबाने माझ्याकडे मागितला, कारण त्यावरून माणसं मागवायची होती.

दुसरा कुणी असता तर त्याने दर पन्नास वारांवर उंची मोजून बेरीज केली असती. मला माझं शिक्षण दाखवायचं होतं. सडकेची पातळी म्हणजे कागदावरची आडवी रेघ, तोच माझा क्ष-अक्ष. शंभर वार म्हणजे आडवा एक भाग. जमीन त्या रेघेला तीन ठिकाणी भेटत होती: आरंभी, दोनशे वारांवर आणि पाचशे वारांवर. शंभर वारांवर टेकाड रेघेच्या चार वार वर होतं. या चार खुणांमधून मी तिसऱ्या घाताची वक्ररेषा बसवली: क्ष गुणिले (क्ष उणे दोन) गुणिले (क्ष उणे पाच). उलगडून क्षचा घन, उणे सात क्षवर्ग, अधिक दहा क्ष. पडताळ्यासाठी चारशे वारांवर पातळी मोजायची दुर्बीण लावली. समीकरण म्हणत होतं आठ वार खाली, आणि जमीन खरोखर आठ वार खाली निघाली. त्या दिवशी मला जेवणही गोड लागलं.

मग मी शून्यापासून पाचापर्यंत एका झटक्यात संकलन केलं, म्हणजे रेघ आणि वक्ररेषा यांच्यामधलं क्षेत्र काढलं. क्षचा चौथा घात भागिले चार, उणे सात क्षघन भागिले तीन, अधिक पाच क्षवर्ग. त्यात पाच घातले. उत्तर आलं उणे दहा आणि पाच द्वादशांश. आडवा भाग शंभर वारांचा, म्हणून शंभराने गुणून सुमारे एक हजार बेचाळीस चौरस वार. उणे चिन्ह आलं ते भराव कापणीपेक्षा जास्त आहे म्हणून, एवढं मला कळलं, आणि ते चिन्ह मी सोडून दिलं. सडकेची रुंदी सगळीकडे सारखी धरून मातीचं माप काढलं, त्यावरून चाळीस माणसं पुरे असा कागद साहेबाला दिला. साहेबाने सही केली.

मुकादमाला मी आकडा सांगितला तेव्हा तो टेकाडावर उभा होता. त्याने आधी पायाखाली पाहिलं, मग खोलगटाकडे पाहिलं.

“पंत, हे टेकाड बी खोदाचं न्?”

“हो.”

“अन् तो खड्डा बी भराचा?”

“हो.”

“मंग चाळीसच मानसं काहून? टेकाडाची माती तं काळी हाय. साहेबच म्हने, काळी माती भरावात टाकाची नाही, पावसात फुगते. ते बाजूले फेकाची, अन् भरावाले मुरूम नाल्यापलीकडून आनाचा. दोन कामं झाले न् हे?”

मी हसलो. “मुकादम, यात उंचसखल सगळं आलेलं आहे. हिशेब फार वरच्या गणिताचा आहे.”

“असंन,” तो म्हणाला. “आमी काही शिकलो नाही.” आणि त्याने विषय सोडला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने खरंच माझ्यावर विश्वास ठेवला असं मी धरलं.

काम सुरू झालं. तीन आठवडे गेले तरी टेकाड अर्धंही उतरलं नव्हतं आणि खोलगटात मुरूम कुठेतरी तळाशी दिसत होता. साहेब रोज घोड्यावरून यायचा आणि मुकादमावर ओरडायचा. पावसाच्या आत तुकडा पुरा हवा होता. मुकादम मान खाली घालून ऐकायचा. माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

एका दुपारी बाभळीखाली बसून मी माझा कागद पुन्हा काढला. मुकादमाचं ‘दोन कामं’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. यावेळी मी दोनापाशी, म्हणजे टेकाड संपतं तिथे, थांबलो. शून्य ते दोन: चार, उणे अठरा आणि दोन तृतीयांश, अधिक वीस. पाच आणि एक तृतीयांश. दोन ते पाच: उणे पंधरा आणि तीन चतुर्थांश. म्हणजे कापणी पाचशे तेहतीस चौरस वार, भराव पंधराशे पंचाहत्तर. संकलन रेघेखालचं क्षेत्र उणे धरतं, म्हणून माझ्या पहिल्या उत्तरात टेकाडाने खोलगटाचा तेवढाच भाग गिळला होता. कागदावर मी टेकाड खोलगटात ओतलं होतं, आणि जमिनीवर तेच करायची मनाई होती. वक्ररेषा जिथे रेघ ओलांडते तिथे तोडून, प्रत्येक तुकड्याचं चिन्ह काढून मग बेरीज करायची असते. ती बेरीज एकवीसशे आठ होती. मी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट.

पुण्याला हे शिकवलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. फळ्यावर शिकवलं होतं, मी उतरवूनही घेतलं होतं.

तो गुरुवार होता. त्याच वेळी उठून साहेबाच्या तंबूत जायला हवं होतं. मी गेलो नाही. वाटलं, नोकरी जाईल. मग वाटलं, निदान कागद नीट स्वच्छ लिहून काढू, सोमवारी देऊ. शुक्रवारी तो लिहून काढला. शनिवारी मुकादमाला भेटायचं टाळलं.

चाळीस माणसांत काम पुरं करायचं तर एकच उपाय होता आणि तो मुकादमाला ठाऊक होता. टेकाडाचा काठ पायऱ्या पायऱ्यांनी, उतरता कापत जायला वेळ लागतो. त्याऐवजी खालून पोखरायचं आणि वरची माती आपल्या भाराने पाडायची. उन्हाळ्यात काळ्या मातीला हातभर रुंद भेगा पडतात, त्यामुळे ती फळीसारखी सुटून येते. तो इतर कुणाला खाली जाऊ देत नव्हता. पोखरायला स्वतःच जायचा.

रविवारी सकाळी माती पडली. मी धावत गेलो तेव्हा बायका टोपल्या टाकून नखांनी उकरत होत्या. मीही उकरलं. तो सापडला तेव्हा त्याच्या दाढीतली मेंदी दिसत नव्हती, सगळी काळी झाली होती. एकाने त्याचं तोंड पुसलं.

त्याच दिवशी मी साहेबाला नवा कागद दिला. त्याने तो दोनदा वाचला, चाळिसावर काट मारून ऐंशी लिहिलं आणि सही केली. मी म्हणालो, चूक माझी आहे, हे गुरुवारीच मला कळलं होतं. त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, काळी माती कुणाचं ऐकत नाही, ऐंशी असते तरी पडली असती. कदाचित त्याला माझी दया आली असेल. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ऐंशी असते तर कुणी खालून पोखरलंच नसतं.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा फातेहा झाल्यावर मी अकोल्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारातच बसून कापसातली सरकी काढत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. गणित सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की माणसं दुप्पट हवी होती, मी निम्मी मागवली, आणि कळल्यावर तीन दिवस गप्प राहिलो.

तिचे हात थांबले. “त्यायले मालूम होतं का?”

“त्यांनी मला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी.”

“मंग मालूम होतं त्यायले.” तिने एक सरकी काढून बाजूला टाकली. “एकदा घरी आले तं म्हने, पोरगं हुशार हाय, पन त्याले मातीचं वजन ठाऊक नाही. सांगतो म्हने त्याले बसवून.”

तिने हातातला कापूस खाली ठेवला.

“भाऊ, हे मले काहून सांगून राहिले तुमी? मी माफ करतो म्हनलं तं तुमी हलके होऊन जासान. अन् मी?”

मी म्हणालो, “मी माफी मागायला आलो नाही.”

“मंग बसा,” ती म्हणाली. “उभे नका राहू दारात.”

मी बसलो. तिने माझ्यापुढे कापसाचा एक ढीग सरकवला. मला सरकी काढता येत नव्हती, बोटं चुकत होती. तिने एकदा करून दाखवलं. नंतर ऊन ओट्यावरून सरकेपर्यंत आम्ही दोघं तेच करत राहिलो.

पुढल्या वर्षी मी रेल्वे सोडली आणि अमरावतीच्या शाळेत गणित शिकवायला लागलो. अकोल्याला तिच्याकडे दर दिवाळीच्या सुट्टीत जात असे. चौथ्या खेपेला घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती भावाकडे खानदेशात निघून गेली. गावाचं नाव शेजारणीलाही धड आठवत नव्हतं. मी दोन-तीन नावं घेऊन पाहिली. ती प्रत्येक नावाला म्हणाली, “असंन, तेच असंन.”