शुभेच्छांच्या पानावरची ईद

"ईद कुणी खाल्ली रे?" मी असा गरजलो की देवासच्या टेकडीवरची माकडं खाली उतरली असतील.

आजही ताज्या छपाईचा वास आला की शाळेत मी संपादक असलेल्या मासिकाचं ते प्रूफ डोळ्यांपुढे येतं. शुभेच्छांचं पान एकच; प्रत्येक सणाला एक ओळ, अक्षरं सारख्याच आकाराची. दिवाळी, गुरुपर्व, नाताळ जागेवर आणि ईद गायब! आधी मला छापखान्याचा संशय आला, मग मुख्याध्यापकांचा. शेवटी दिवाळीची ओळ लिहिणारा जोशी माझ्या तावडीत सापडला. आज हसू येतं, पण तेव्हा मी त्याला संपादक मंडळातून हाकलायलाच निघालो होतो. तो रडकुंडीला आला.

सगळ्या दादांना 'भिया' म्हणणारी आमची सहसंपादक शबनम मान वर न करता म्हणाली, "मीच काढली, भिया. अंक दिवाळीचा आहे, त्यात पुढचेच सण. ईद उन्हाळ्यातच झाली."