लातूरहून जोडलेलं

माझा दोस्त लातुरात वारला, तेव्हा त्यानं लावलेलं काम चालूच होतं.

आम्ही दोघं लोकांच्या लग्नाबारशाच्या जुन्या कॅसेटी मोबाईलवर दिसतील अशा करून द्यायचो. मी नांदेडात, तो लातुरात. कॅसेटीतून काढलेल्या अवजड फाइली भाड्याच्या सर्व्हरवर चढवायच्या आणि तिथंच त्यांचं कन्व्हर्जन लावायचं. सर्व्हर आमच्यासारखाच मंद. एकेका खेपेला दिवसच्या दिवस जायचे. पहिल्या वर्षी लाइट गेली, नेट तुटलं की काम जागीच मरायचं. मग यानंच टीमक्स नावाचं सॉफ्टवेअर शोधून काढलं. काम टीमक्सच्या सत्रात लावायचं, मग आपण तुटलो तरी तिकडं सत्र चालूच राहतं. परत जोडून बघायचं, बस्स. "अबे, भात शिजून राहिला तर चुलीपाशी कायला बसतू?" म्हणायचा.

हे काम लावून तो दवाखान्यात भरती झाला आणि चौथ्या दिवशी बातमी आली, अंत्यविधीला जाऊन आलो. माझ्या मनात एकच होतं, ही शेवटची खेप मधे तुटू नये. तुटली तर परत लावता आली असती, त्यात काय मोठं! पण मग ती माझी झाली असती, त्याची न्हाई.

तीन दिवसांनी दुपारी सर्व्हरवर शिरलो आणि सत्रांची यादी मागवली. त्याच्या सत्रापुढं लिहिलेलं होतं, attached. म्हणजे कुणीतरी आत जोडलेलं. सत्र याचं, पासवर्ड आम्हा दोघांनाच ठाऊक, आणि हा तर गेला.

मनाला समजावलं, की नेट अचानक तुटलं तर सर्व्हरला काही वेळ कळत नाही, मेलेलं कनेक्शन जिवंत दिसतं. पण तीन दिवस? मीही त्याच सत्रात जोडून घेतलं. पडदा त्यानं नेहमीसारखा दोन भागांत केलेला. वर कन्व्हर्जनचे आकडे पळत होते. खाली रिकामी ओळ, तिथं कर्सर लुकलुकत होता. बघता बघता त्या ओळीत एक अक्षर उमटलं. k. मी काहीच दाबलं नव्हतं. थोड्या वेळानं ते पुसलं गेलं. पुन्हा k. पुन्हा पुसलं.

खोटं कशाला सांगू, भर दुपारी मी चक्क खुर्ची मागं सरकवली. एकाच सत्रात दोघं जोडलेले असले की एकाचं टाइप केलेलं दुसऱ्याला दिसतं, हे मला पाठ होतं. पण पलीकडं कोण, हे विचारायची छाती झाली न्हाई. त्यात दुसरी धास्ती अशी, की तो हात वरच्या भागात गेला आणि q दाबला गेला, तर कन्व्हर्जन तिथंच संपणार. बायको म्हणाली, फोन लावा. फोनवर काय विचारणार? तुमच्या घरातून कोण टाइप करून राहिलंय?

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी अहमदपूरवरून जाणारी एसटी धरली आणि त्याच्या घरी गेलो.

बाहेरच्या खोलीत दिव्याची वात तेवत होती. शेजारी चटईवर वहिनी बसलेल्या आणि समोर त्याचा लॅपटॉप उघडा. डोळे लाल, मान कलती. बोलता बोलता पडदा मंद झाला, तसं त्यांनी सवयीनं एक बटण दाबलं आणि उमटलेलं अक्षर पुसलं.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"ह्यांचं काम चालू हाय की, भाऊजी. मागं एकदा पुसायला म्हणून मी झाकण लावलं, तर सगळं काम मोडलं. लई बोलले मला. तवापासून ह्यांचं काम चालू असलं की मी झाकणाला हात लावत न्हाई. हे काम लावून दवाखान्यात गेले, तवापासून मी इथंच बसून पडदा झोपू देत न्हाई. पोरी म्हणतात, आई, पड जरा. मी कशी पडू?"

ती गोष्ट टीमक्सच्या आधीची. त्यानंतर आमचं सगळंच काम बदललं. मला त्यानं बसवून शिकवलं, आणि घरात सांगायचं राहून गेलं. मला त्या माणसाचा असा राग आला, आणि राग काढायला तो नव्हता.

सांगावं की न सांगावं, मला कळेना. सांगितलं तर एवढं जागणं फुकट गेलं म्हणायचं. पण त्यांची मान पुन्हा कलली, तेव्हा सांगून टाकलं. काम या डब्यात न्हाई, दूर दुसऱ्या मशीनवर आहे, झाकण लावलं तरी ते थांबत नाही. त्यांना पटेना. मग मी माझा लॅपटॉप उघडून त्याचं सत्र दाखवलं. "आता लावा झाकण."

त्यांनी दोन्ही हातांनी झाकण लावलं आणि माझ्या पडद्याकडं बघत राहिल्या. आकडे पळतच होते.

"म्हंजे आपण नसलो तरी चालतंय?"

"हाव."

त्या मग लॅपटॉप बाजूला सरकवून चटईवर तिथंच आडव्या झाल्या आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "त्यांनी हे मला सांगायचं होतं, भाऊजी. मी दवाखान्यात त्यांच्यापाशी बसले असते."