पुलाची बातमी

सकाळचं प्रादेशिक बातमीपत्र मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि दहा मिनिटांच्या बातम्यांच्या पाच-सहा ओळी करून गावोगावच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या, हे माझं काम. नांदेडच्या एका लहानशा बातमी सेवेसाठी मी ते घरूनच करते. काय झालं, कुठं, कधी, किती एवढं ठेवायचं, बाकी छाटायचं. एकटीच्या घरात दुसरा आवाज रेडिओचाच. निवेदिका "नमस्कार" म्हणाली की मीही म्हणते. येडीच हाय मी!

नेम पक्का आहे. एकदा सलग ऐकायचं, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत लिहायचं, तिसऱ्यांदा लिहिलेल्या ओळी रेकॉर्डिंगशी ताडून बघायच्या. त्या दिवशी तिसरी फेरी राहिली. दादा येणार होता. आई गेली तेव्हा मी त्याला नको ते बोलले, तेव्हापासून दोन वर्षं तो इस्लापूरहून माझ्याकडं फिरकला नव्हता. चूक माझीच. आता त्यानंच आदल्या दिवशी फोन केला होता, "उद्या येतो गं. वांग्याची भाजी कर. संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन." म्हणून सकाळी गॅसवर वांगी आणि कानात इयरफोन, असं चाललं होतं.

बातमी अशी होती: धरणातून पाणी सोडलं आहे, पातळी वाढल्यास इस्लापूरच्या वाटेवरचा पूल दुपारनंतर वाहतुकीसाठी बंद ठेवला जाईल. मी ओळ केली, "धरणातून विसर्ग, इस्लापूर वाटेवरचा पूल दुपारनंतर बंद." सुटसुटीत झाली म्हणून खूशही झाले.

तासाभरानं संपादकांचा फोन आला. "ताई, पूल बंद करायचं अजून ठरलंच न्हाई. 'वाढल्यास' कुठं गेलं?"

रेकॉर्डिंग मागं नेऊन ऐकलं. निवेदिका स्पष्ट म्हणत होती. लगेच टाकलं, "दुरुस्ती: पूल सुरू आहे, पातळी वाढली तरच दुपारनंतर बंद." मग भाकरी थापल्या, दोन ताटं मांडली आणि दाराशी बसले. बारा वाजले, एक वाजला. पाणी काही वाढलं नाही.

दोनच्या सुमाराला दादाचा फोन. "पोचलो गं घरी."

"घरी? कुणाच्या?"

"माझ्याच की! निघालो व्हतो, पण वाटेत हिमायतनगरच्या स्टँडवर तुझी बातमी वाचली. दुपारून पूल बंद, मग रातच्याला परतायचं कसं? गुरं बांधलेली घरी. उलट्या गाडीनं फिरलो." तो हसला. "संगं चौघं होते, त्यांनाबी फिरवलं. म्हटलं, माझ्या बहिणीनं लिव्हलंय, खोटं असायचं न्हाई."

मला रडू आलं. पूल चालूच आहे दादा, एवढं म्हणायचं होतं. म्हणाले, "बरं केलंस."

दुरुस्ती त्यानं नंतर वाचली का, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.