बाळाची जीभ आणि आण्णांचा काटा

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, कोल्हापुरात झालं, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरात येणारा प्रत्येक माणूस आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहायचा. शेजारच्या काकू, गॅसची टाकी आणणारा, बारशाची तारीख विचारायला आलेली आत्या, सगळे. एकदा दूधवाल्यानं दारातच जीभ काढली आणि मला विचारलं, "बगा हो ताई, माझी बरी हाय न्हवं?" ओली बाळंतीण मी, चिडचिडी तर होतेच. मी म्हटलं, "तुमची बरी आहे, दूध तेवढं पातळ आहे."

या सगळ्याला कारण आमची न्हाऊ घालणारी मावशी. बाळ आठ दिवसांचं असताना तिनं पायांवर घेऊन त्याला अंघोळ घातली, ते बोंबललं, आणि तिनं त्याच्या उघड्या तोंडात डोकावून जाहीर केलं, "जीभ चिकटल्या की पोराची!" तिचा आवाज गल्लीत तिसऱ्या घरापर्यंत जायचा. तासाभरात गल्लीला कळलं, आणि जो तो स्वतःची जीभ तपासायला लागला. मावशी पुढं म्हणाली, "काय न्हाय, मी नखानं उडवतो बगा. आमच्या सासूनं लई जनांची उडवल्यात." तिच्या त्या नखाकडे बघून मी बाळ हिसकावूनच घेतलं.

पण मावशी खोटं बोलत नव्हती, आणि मला काय होत होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाळ पाजायला घेतलं की मी दात आवळायचे. दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. बाळ तासतासभर ओढायचं, टक टक आवाज करायचं, तोंडातून दूध गळायचं, दमून झोपायचं आणि वीस मिनिटांत पुन्हा भुकेनं रडायचं. आजऱ्याहून सासूबाईंनी काजू पाठवले होते आणि सोबत दुधाची नवी बाटली. काजू माझ्यासाठी आणि बाटली बाळासाठी. निरोप होता की पहिलटकरणीला दूध कमीच असतं, उगाच ताणू नको. ती बाटली फडताळातून माझ्याकडे बघत असायची. मला बाळाला अंगावरच पाजायचं होतं. मला जमत नाही असं म्हणायची वेळ आली तर मी मोडून पडेन, असं मला अगदी खरंखुरं वाटत होतं.

दहाव्या दिवशी आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, बाळ, आई आणि माझे वडील, आण्णा. आण्णा मार्केट यार्डात गुळाचे सौदे काढायचे. ढेपांच्या थप्प्यांमधून चालत, गर्दीवर आवाज टाकत लिलाव पुकारणं हे त्यांचं काम. घरीही ते त्याच आवाजात मीठ मागायचे. दवाखान्यात शिरताच त्यांनी जाहीर केलं, "बाई, आदीच सांगतो, नातवाच्या जिभंला कात्री लावायची न्हाय. त्याला उद्या सौदं काढायचं हायत."

"अजून कुणी कात्री काढलेली नाही," बाई म्हणाल्या. त्या बारीक अंगाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि कुणाच्याच आवाजाला न दबणाऱ्या होत्या.

त्यांनी आधी बाळाला उघडं करून वजन केलं. जन्माला एकोणतीसशे ग्रॅम होतं, आता साडेसत्तावीसशे. सुरुवातीला थोडं उतरतंच, त्या म्हणाल्या, पण एव्हाना चढायला लागायला हवं होतं. मग हात धुऊन, हातमोजा घालून त्यांनी बाळाच्या तोंडात बोट दिलं आणि ते चोखू दिलं. चांगली जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते आणि बोटाखाली पन्हाळीसारखी वळते. आमच्या साहेबांची जीभ मागेच राहत होती आणि हिरडी बोटाला चावत होती. बाळ रडलं तेव्हा जिभेच्या कडा वर उचलल्या, मधला भाग खालीच बांधलेला राहिला, आणि टोकाला पत्त्यातल्या बदामासारखी खाच पडली. जिभेखाली पांढरा, पातळ पडदा ताणलेला मलासुद्धा दिसला.

"बघितलंसा?" आई म्हणाली. "मावशी बरोबर बोलत हुती."

"दिसायला चिकटलेली आहे," बाई म्हणाल्या. "पण नुसती दिसते म्हणून कुणी कापत नाही. असे पडदे कितीतरी मुलांना असतात आणि ती मजेत पितात. जीभ काम किती करते ते बघायचं. पाजा आता, माझ्यासमोर."

आण्णांना बाहेर पिटाळलं. मी पाजायला घेतलं आणि बाईंनी माझ्या चुका काढल्या. मी बाळाची फक्त मान वळवत होते. त्याचं अख्खं अंग माझ्या पोटाला लागलेलं हवं, हनुवटी आधी टेकायला हवी, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मगच जवळ ओढायचं. तसं केल्यावर दुखणं थोडं कमी झालं, पण गेलं नाही. बाळ सुटलं तेव्हा स्तनाग्र चपटं होऊन पांढरं पडलेलं होतं. बाईंनी ते नीट बघून ठेवलं.

"चार दिवस असंच पाजा," त्या म्हणाल्या. "पाजून झालं की दूध हातानं काढा आणि वाटीचमच्यानं द्या. बाटली नको. वजन नीट चढलं आणि तुमचं दुखणं थांबलं, तर जिभेला हात लावायचा नाही. नाही थांबलं तर पडदा सोडवण्याचा विचार करू. आणि ते नखाचं डोक्यातून काढा."

घरी आल्यावर आण्णांनी यार्डातून तागडी आणि वजनं आणली आणि सोप्यात टांगली. डॉक्टरांच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. "मशीनला काय कळतंय? चाळीस वरसं काटा बगतोय मी." पहिल्या दिवशी अंघोळीनंतर उघडं बाळ पारड्यात ठेवलं, तेव्हा वजन बाईंच्या आकड्याशी जुळलं. बाईंचं मशीन पास झालं, असं आण्णांनी गल्लीला कळवलं.

ते चार दिवस मी बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. दूध काढून चमच्यानं पाजलं. तरी प्रत्येक वेळी बाळ जवळ घेताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी ते काजूच्या पिशवीवर पुसायचे.

पाचव्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आण्णांनी पारड्यात ठेवलं. दुपट्याचं वजन त्यांनी आधीच करून ठेवलं होतं, ते वजा केलं, आणि यार्डातल्या आवाजात ओरडले, "एकतीसशे! साडेतीनशे गिराम चढलं! कात्री गेली खड्ड्यात!" मावशीनं बाळाची दृष्ट काढली. आईनं साखर वाटली. बाळ एवढं पीत असेल तर माझं दुखणं हा माझाच नाजूकपणा असणार, असं वाटून मला मात्र स्वतःचीच लाज वाटत होती.

दवाखान्यात आण्णांनी एकतीसशेचा आकडा आधी कंपाउंडरला, मग रांगेतल्या सगळ्यांना सांगितला. बाईंनी बाळ मशीनजवळ घेतलं आणि दुपटं सोडलं. त्यातून खणकन काहीतरी फरशीवर पडलं.

अडकित्ता होता. आमच्या आजीचा, पितळी मुठीचा, दणदणीत.

बाईंनी तो उचलला. "हा कुणाचा?"

"पोराला भाईर न्यायचं म्हटल्यावर जवळ लोखंड नगं व्हय?" आई म्हणाली. "नजर लागती. सकाळीच दुपट्यात सारला हुता मी."

बाईंनी अडकित्ता मशीनवर ठेवला. तीनशे वीस ग्रॅम. मग उघडं बाळ ठेवलं. सत्तावीसशे ऐंशी. चार दिवसांत तीस ग्रॅम. "शंभराच्या वर चढायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "आणि हे तीससुद्धा चमच्यानं दिलेलं असणार."

आण्णांनी आईकडे बघितलं. आईनं पंख्याकडे बघितलं.

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. मी बाईंना सगळं सांगून टाकलं, चिरा, दात आवळणं, सगळं. त्यांनी पुन्हा बोट घालून जीभ तपासली, आण्णांना बाहेर पाठवून पुन्हा पाजताना बघितलं, आणि ते आत आल्यावर म्हणाल्या, "आता सोडवावं असं माझं मत आहे. कापायचं ते दुधासाठी, बोलण्यासाठी नाही. बोलणं कसं येईल हे आज कुणालाच सांगता येत नाही."

"कापली तरी भ्या, न्हाय कापली तरी ही चिकटलेली जीभ. ह्यो सौदं काढनार कसा मग?" आण्णा.

"असे पडदे पुष्कळदा घराण्यातूनच येतात," बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "आजोबा, तुमची जीभ बाहेर काढा बघू."

आठवडाभर अख्ख्या गल्लीनं जिभा काढल्या होत्या, आण्णांनी एकदाही नाही. त्यांनी आ केला आणि जोर लावला. जीभ खालच्या ओठापर्यंत येऊन अडकली. टोकाला बदामासारखी खाच.

"आई गं!" आई म्हणाली. "बांदलेल्या जिभंनं चाळीस वरसं माझं डोस्कं खाल्लं ह्येनी! मोकळी असती तर?"

दाराबाहेरच्या रांगेतली माणसंसुद्धा हसली. आण्णा खुर्चीत बसले आणि पुढं कात्रीविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

बाईंनी विचारलं, जन्मल्यावर बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का. थोडं रक्त येईल, क्वचित पडदा पुन्हा चिकटतो, आणि कधी कधी सोडवूनही फरक पडत नाही, हेही सांगितलं. पडदा जाड असता तर त्यांनी सर्जनकडे पाठवलं असतं. मी हो म्हटलं. नर्सनं बाळाला गुंडाळून डोकं धरलं, बाईंनी जीभ वर उचलली आणि बोथट टोकाच्या कात्रीनं एकदाच कापलं. दुपटं गुंडाळताना बाळ जास्त रडलं होतं. दोन-चार थेंब रक्त, त्यावर कापसाची घडी, आणि लगेच माझ्याकडे.

बाळानं तोंड उघडलं. मी सवयीनं दात आवळले आणि वाट बघत राहिले. दुखलं, पण निम्मंच. टक टक आवाज नव्हता. बाळ ओढायचं, गिळायचं, ओढायचं, गिळायचं. उरलेलं दुखणं जायला आठवडा लागला, पण त्या खुर्चीत बसून मला कळलं की दूध माझ्यात होतंच. मी मोठ्यानं रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आण्णा दाराशी पाठ करून उभे होते. घरी येताना रिक्षात ते माझ्या शेजारी बसले. आई पलीकडे, बाळ माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं.

"माझ्या आयला दूध न्हवतं म्हनायची सगळी," आण्णा एकदम म्हणाले. "मी शेळीच्या दुधावर जगलो. आजी मरंपातूर तिला बोलली. वांझोटं अंग म्हनायची."

मी म्हटलं, तुमच्या जिभेमुळंच असेल असं नाही आण्णा, आता कोण सांगणार.

"व्हय की," ते म्हणाले. त्यांचा आवाज रिक्षाच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आला. "पर कुनीतरी एकदा माझी जीभ बगायला पायजे हुती गं."