पाच तुकड्यांची फळी

थोरलीला ऑफिसात सगळे थोरलीच म्हणायचे, कारण शेजारच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ बसायची. दोघी एकाच घरातून यायच्या आणि एकच काम करायच्या. परभाषेतले गणिताचे पेपर मराठीत आणायचे. पेपर यायचा तो फोटोत. कुणीतरी घाईघाईने फोनवर काढलेला, कोपऱ्यात अंगठा, मधे घडीची काळी रेघ.

धाकटीला इथे आणलं थोरलीनंच. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस असते काही जणांना, त्याला कोण काय करणार! कामही तिनंच शिकवलं. आकड्याला हात लावायचा नाही. फोटोत तो पुसट असेल तर अंदाज बांधायचा नाही, दुसरा फोटो मागवायचा. प्रश्नात घोड्याचा रंग उगाचच दिला असेल तर तोही ठेवायचा, नाहीतर उत्तराला काय लागतं हे आपणच मुलांना सांगून बसतो. आणि मुळात नसेल तर 'एकूण' घालायचा नाही, कारण तो शब्द दिसला की पोरं डोळे मिटून बेरीज करतात.

धाकटी हे सगळं शिकली, आणि नको तितकं चांगलं शिकली. विभागाच्या मॅडम अवघड पेपर आला की आधी तिच्या टेबलापाशी थांबायला लागल्या. घरी सासूबाईंना धाकटीच्या हातची भाजी आवडायचीच, आता इथेही तेच. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातून यंदा दोघींपैकी एकीची नोकरी कायम होणार होती. इतकी वर्षं भांडी घासली ती थोरलीनं, आणि ताटावर बसणार ही कालची आलेली?

वार्षिक पेपर धाकटीकडे गेला. तपासायला थोरलीकडे आला. तपासणाऱ्याने भाषा नीट करायची आणि पेपर पुढे पाठवायचा, अशी रीत होती. पेपरखाली नाव मात्र भाषांतर करणारीचंच राहायचं.

एक प्रश्न सुताराचा होता. तो लांब फळीचे आडवे कापून पाच तुकडे करतो. धाकटीनं पुढे लिहिलं होतं, 'फळी एकदा आरपार कापायला त्याला तीन मिनिटं लागतात. पाच तुकडे व्हायला किती वेळ लागेल?' थोरलीनं नाक मुरडलं. एकदा आरपार! काय पण मराठी! हिला डोक्यावर घेऊन नाचतात होय? मॅडमना खरी भाषा दाखवायच्या भरात तिनं झोकात बदललं, 'एक तुकडा कापायला त्याला तीन मिनिटं लागतात.' फोटो समोर उघडाच होता. तिनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तपासलेला पेपर पलीकडच्या खोलीत गणिताच्या मास्तरांकडे जायचा. त्यांना मूळ पेपर दाखवत नसत. त्यांनी मराठी वाचूनच मुलांसारखा सोडवायचा, आणि मग मॅडम उत्तरं ताडून पाहायच्या. मास्तरांचं सुताराचं उत्तर आलं पंधरा मिनिटं. मूळ उत्तर होतं बारा.

मॅडमनी दोघींना बोलावलं. फोटो मोठा करून दाखवला. पाच तुकड्यांना काप चारच लागतात, शेवटच्या कापात दोन तुकडे सुटे होतात, आणि मुलाच्या हे ध्यानात येतं का तेवढंच प्रश्नाला पाहायचं होतं. इथे तुकड्यालाच तीन मिनिटं देऊन टाकली होती. छापून गेला असता तर हजारो मुलं बरोबर गणित करून नापास झाली असती. धाकटीचं नाव खाली होतं, तेव्हा तिला कायम कसं करायचं, असं त्या विचारत होत्या.

धाकटीनं वाक्य वाचलं. ते आपलं नाही हे तिला तत्क्षणी कळलं. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीला भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगा, त्यात थोडा आनंदही होता. गप्प बसलं की झालं.

मग धाकटी हळूच म्हणाली, "पाठवण्याआधी मी पुन्हा वाचायला हवं होतं. माझंच चुकलं, मॅडम."

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे आता चांगुलपणातही हीच पुढे! उद्या घरी ही काही बोलणार नाही, वर वाढताना 'ताई, अजून घ्या' म्हणेल, आणि तो घास आपल्याला जन्मभर गिळावा लागेल. माझ्या चुकीवरसुद्धा हिनंच मोठं व्हायचं?

"तिचं नाही ते वाक्य," थोरली ताडकन म्हणाली. "माझं आहे. तिनं बरोबर लिहिलं होतं, मी बदललं."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग धाकटीचा मूळ मसुदा मागवून वाचला. जागा कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नाही.

बाहेर आल्यावर धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी केलंत ना, ताई, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"तुझ्यासाठी कशाला करू?" थोरली म्हणाली. धाकटीला ते लटकं वाटलं आणि तिनं आणखीच घट्ट हात धरला.