मुंग्या नळात की बोटांत

गरम पाण्याच्या नळाला ओला हात लागला की बोटांत मुंग्या यायच्या. पहिल्या दिवशी मी ते साखरेवर ढकललं. साखरेच्या माणसाला ही एक सोय असते, अंगात काहीही झालं तरी कारण शोधत बसावं लागत नाही. डॉक्टरांनीही मागे सांगितलं होतंच की हातापायांना मुंग्या येतील, घाबरायचं नाही. मी घाबरले नाही. अंघोळ उरकली, देवाला फूल वाहिलं आणि चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात त्या मुंग्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

घरात दुसरं माणूस असतं तर हा प्रश्न एका मिनिटाचा होता. "अहो, जरा नळाला हात लावून बघा," असं मी म्हणाले असते, त्यांनी लावला असता आणि "हात्तिच्या, करंट येतोय की," असं ओरडले असते. पण ते जाऊन दोन वर्षं झाली. एकट्या माणसाला आपलं दुखणं आणि घराचं दुखणं वेगळं कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि कळून काही उपयोग नव्हता.

लेकीला सांगायची सोय नव्हती. ती पुण्याला असते आणि दर फोनला तिचं एकच पालुपद, "आई, आता लातूर पुरे." मुंग्या माझ्या हातात असतील, तर ती रविवारी गाडी घेऊन दारात उभी राहणार. नळात असतील, तर एखाद्या सकाळी आतून कडी लावलेल्या न्हाणीघरात मी पडून राहणार आणि दुसऱ्या दिवशी भांडीवाली बेल वाजवून वाजवून शेजारी जाणार. दोन्ही पर्याय मला नको होते. म्हणून मी काहीच केलं नाही, फक्त नळाची चावी टॉवेलने फिरवायला लागले.

आणि मी कोण, तर जळकोटच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेली बाई! लाल, काळी, हिरवी वायर रंगीत खडूंनी फळ्यावर काढून, "हिरवी, अर्थिंगची वायर काम करताना दिसत नाही, पण जीव तीच वाचवते," असं पोरांकडून घोकून घेणारी. माझाच मला राग येत होता.

एका सकाळी भांडीवालीला म्हटलं, "आतला गरम पाण्याचा नळ सोड बघू जरा." ती ओल्या हातांनी निघालीही. तिची बोटं चावीपासून वीतभर असतील, तेव्हा मी इतक्या जोरात "थांब!" म्हणून ओरडले की ती दचकून भिंतीला टेकली.

"काय झालं वो बाई? पाल हाय का?"

"हो, पाल आहे," म्हटलं. "तू भांडी घास."

ती भांड्यांकडे वळली. मग मी कपाटातून यांचा टेस्टर काढला, हात कोरडे केले, पायात रबरी चप्पल घातली, गीझर चालू केला आणि टेस्टरचं टोक नळाच्या उघड्या धातूला लावलं. टेस्टरमधला दिवा लागला. नारिंगी, बारीकसा, पण लागला. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. करंट नळात होता, माझ्यात नव्हता.

दुपारी वायरमन आला. मध्यमवयीन, बोलघेवडा, हातात वाजणारा मोबाइल. त्याने गीझर पाहिला, नळाशेजारचं त्याचं बटन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, नळाजवळ बटन कुनी बसवलं वो? वल्या हातानं दाबून राहिले तुम्ही इतकी वर्षं?"

बटन यांनी बसवलं होतं, थंडीत बाहेर यायला नको म्हणून. मी ते सांगितलं नाही.

त्याने एक बल्ब वायरांना बांधला आणि सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला. लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थमध्ये धरला. आतली तार नुसती लालसर झाली. "गीझरची कॉइल गळून राहिली. अन् अर्थिंग मेली तुमची. गळलेला करंट जमिनीत जायला वाटच न्हाई, म्हनून टाकीच्या अंगावर अन् लोखंडी पाइपातून नळाला येतो. लई सोपं हाय, सॉकेटातच न्यूट्रल अन् अर्थ जोडून टाकतो. धा मिनटांत काम."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "वरून न्यूट्रल तुटला तर सगळी फेज टाकीवर येईल. मग मुंग्या येणार नाहीत, मीच जाईन."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. "हे बरुबर हाय तुमचं," म्हणाला. "पर लोक धा मिनटांचंच काम मागतात."

अर्थिंगचा खड्डा परसात होता. हे दर रविवारी कपड्यांचं उरलेलं पाणी त्यात ओतायचे आणि मी दर रविवारी चिडायचे, की लातुरात माणसांना पाणी नाही आणि तुम्ही भोकात ओतताय. ते म्हणायचे, ओल राहिली नाही तर अर्थिंग कसली. ते गेल्यावर माझ्या दिरांनी मायेपोटी सगळ्या परसात पेव्हर ब्लॉक बसवून दिले, वहिनींना चिखल तुडवायला नको म्हणून. खड्डा त्याखाली गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

वायरमनने ब्लॉक उचकटले. खालची माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी होती. पाइपावरचा बोल्ट गंजून गेला होता, वायर त्याच्या हातातच निखळली. नवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, नवी जाड वायर, वर झाकण. गीझरची कॉइल बदलली. बटन दाराबाहेर पॅसेजमध्ये नेलं, लाल दिवा असलेलं, म्हणजे पाणी तापलं की बंद करायचं आणि मगच आत जायचं. बल्ब आता अर्थवरही लख्ख पेटला. शेवटी मीटरशेजारी त्याने गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला आणि त्याचं चाचणीचं बटन दाबून घरातली वीज एकदा घालवून दाखवली.

मग गीझर चालू करून त्याने नळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. तरी त्याने हाताची मागची बाजू नळाला हळूच टेकवली, मग पंजा. "काईच न्हाई. लावा बाई हात."

मी लावला. नळ नुसता गार धातू होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या न्हाणीघरात दोन माणसांनी एकाच वस्तूला हात लावला होता, आणि दोघांना एकच वाटलं होतं. मला एकदम रडू आलं. त्याला वाटलं, मी घाबरले. "आता काई होत न्हाई वो बाई," तो म्हणाला आणि सामान गोळा करून निघून गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच, न्यूट्रलच्या भांडणासकट. ती हसली. "बरं झालं गं आई, नळातच होतं," म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं.

फोन कोरड्या हातात होता, नळ दूर होता, गीझर बंद होता, आणि माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या.