भिंगरीची टाच

बॉक्सिंगच्या तालमीत सगळे तिला भिंगरी म्हणत. ती मुलींना दोरीवरच्या उड्या शिकवायची. "उंच उडू नका गं, खालून दोरी जाईल एवढंच उचला. घोटा ताठ ठेवा, टाच टेकवू नका. पोटरीने नुसतं धरून ठेवायचं. टाचेमागची, पोटरीला जोडणारी कंडरा ताणली जाते आणि तीच तुम्हाला परत वर फेकते," असं सांगत ती स्वतः न दमता उडत राहायची.

गेल्या वर्षी सराव करतानाच तिची उजवी कंडरा तुटली. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, ती चालू लागली. मग एका सकाळी तिने मुलींसमोर पुन्हा दोरी धरली. प्रत्येक उडीला उजवी टाच धपकन खाली येत होती. थोड्याच वेळात पोटरी पेटली आणि दोरी पायात अडकली.

"कंडरा जुळलीय, पण लांब होऊन," पाय तपासून फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. "ती आता सैल राहते, म्हणून उसळी देत नाही. सगळं काम पोटरीवर पडतं."

"व्यायामाने पूर्वीसारखी होईल ना?"

"पोटरीत ताकद येईल. वाढलेली लांबी मात्र व्यायामाने कमी होत नाही."

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आठवड्याने मुली तिला तालमीत न्यायला आल्या. दारातले त्यांचे आवाज ऐकून ती आईला हळूच म्हणाली, "मी घरी नाही म्हणून सांग."